वन्सं आणि वाटाण्याची बुटकी झाडं

आमच्या वन्सं बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतात. लाल पेन अंबाड्यात खोचलेलं असतं आणि तेच घरभर शोधत फिरतात. तपासण्याची त्यांची रीत ठरलेली: एकेचाळीस पेपरांत आधी एकाच प्रश्नाचा एकच भाग तपासायचा, मग पुढचा. हात बसतो म्हणतात.

आज सकाळी पूजा आटोपून मी बेरजा करायला बसले. तपासायचा शेवटचा प्रश्न वाटाण्याच्या दोन झाडांच्या संकराचा. एक उंच झाड, Tt. दुसरं बुटकं, tt. युग्मकांची अक्षरं बरोबर तर एक मार्क, चौकटीच्या चार घरांना अर्धा-अर्धा, शेवटी उंच-बुटक्यांच्या प्रमाणाला एक. अक्षरं झाली, घरं झाली. तिसऱ्या फेरीत वन्सं फक्त शेवटची ओळ बघून फुल्या मारत सुटल्या.

"वर्गात लक्ष कुठे असतं यांचं!"

सत्तावीस नंबरच्या मुलीची बेरीज चौतीस आली. पास व्हायला पस्तीस लागतात. पोर गेल्या वर्षीही याच विषयात अडकली होती. माझा जीव चुटपुटला.

"वन्सं, हिचं एकदा बघता का?"

"वहिनी, देवाला नवस बोल, मला नको! दयेचे मार्क मी देत नाही."

"दया नको. हिच्या चार घरांवर तुमचीच बरोबरची खूण आहे. Tt, Tt, tt, tt. मोठा T असला की झाड उंच ना? मग दोन उंच, दोन बुटकी. ही लिहिते एकास एक. तुम्ही फुली मारलीत."

"उत्तर तीनास एकच—" म्हणता म्हणता त्या थांबल्या. आपला उत्तरांचा कागद ओढला. प्रमाण गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवलेलं! तेव्हा दोन्ही झाडं Tt होती. तीन उंच, एक बुटकं. यंदा प्रश्न त्यांनीच बदलला होता.

वर्तमानपत्र वाचणारे आमचे हे पलीकडून म्हणाले, "ताई, वर्गात लक्ष कुठे असतं तुझं?"

"तू गप रे!" म्हणाल्या, पण कानापर्यंत लाल झाल्या. "चौकट न बघता प्रमाण तपासलं मी. मुलांनी असं केलं असतं तर सोलून काढलं असतं."

शिपाई दुपारी गठ्ठा न्यायला येणार होता. मग काय, सगळे एकेचाळीस पुन्हा. तेहतीस फुल्या खोडून मार्क दिले, प्रत्येक ठिकाणी सही केली. चौकट बरोबर काढून पाठ केलेलं तीनास एक लिहिणारे सहा निघाले. त्यांचा मार्क गेला. त्यात वन्संचा लाडका पहिला नंबरवालाही होता. दोनदा पेन उचललं, शेवटी खोडलाच.

सत्तावीस नंबरचा पेपर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "कर बेरीज."

पस्तीस. मी हात जोडले.

"देवाला कशाला? तिचं तिने बरोबर लिहिलंय."

"देवाला तुमच्यासाठी जोडले, वन्सं," मी म्हटलं. तर बाई हसत अंबाड्यात पेन शोधायला लागल्या, आणि ते होतं हातात.