वैशाखातलं लग्न आणि डोक्यावरची चाई

माझं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि चैत्रात माझे केस जायला लागले.

आम्ही तेव्हा सिंदी मेघेला राहायचो. बाबा वर्ध्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये होते. आई मी लहान असतानाच गेली, आणि मला वाढवलं ते बाबांच्या विधवा बहिणीनं, माझ्या आत्यानं. मी जवळच्या शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायची. आम्ही नुकताच धम्म घेतला होता. आमच्या वस्तीत नव्या पद्धतीनं होणारं माझं लग्न पहिलंच, त्यामुळे ते एकट्या माझं नव्हतंच, सगळ्या वस्तीचं होतं. पांढरी साडी कुठून आणायची, वंदना कोण म्हणणार, यावर नळाच्या रांगेत भांडणं व्हायची.

केस मात्र माझे एकटीचे होते आणि मला त्यांचा गर्व होता. सोडले की कमरेखाली यायचे.

एका रविवारी आत्या तेल लावत होती. तिचा हात डोक्याच्या मागच्या बाजूला थांबला, पुन्हा फिरला, पुन्हा तिथंच थांबला.

"काऊन वं, काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली आणि माझंच बोट धरून तिथं टेकवलं.

बोटाला केस लागला नाही. रुपयाएवढी जागा, गुळगुळीत, गालासारखी मऊ. खाज नाही, कोंडा नाही, दुखणं नाही. आदल्या रविवारी तिथं केस होते, हे आत्या शपथेवर सांगत होती.

"चाई पडली," ती म्हणाली.

दुपारपर्यंत वस्तीतल्या बायांना कळलं, कारण आत्याच्या पोटात काही राहत नसे. एकीनं सांगितलं, केस खाणारा किडा असतो, कांदा घास. दुसरीनं सांगितलं, कांद्यानं काही होत नाही, गुंजा उगाळून लाव. एका म्हातारीनं देवीचं काही निघालं असेल म्हणून दबक्या आवाजात सुचवलं, तेव्हा बाबा ओसरीवरून ओरडले, "देवी नाई आता आपल्या घरी! दुसरं सांगा!"

दुसरं म्हणजे कांदा. मी आठवडाभर कांदा घासला. वर्गात पोरं नाक धरून माझ्याकडे पाहायची. मग आत्यानं गुंजा उगाळून लावल्या. रात्रभर ती जागा जळत राहिली आणि सकाळी तिथं फोड आला. त्याच सकाळी केस विंचरताना कानाच्या मागे दुसरी चाई सापडली, आणि दोन दिवसांनी कपाळाच्या अगदी वर, भांगाशेजारी, तिसरी. उशीवर, कंगव्यात, पदरावर, सगळीकडे लांब काळे केस. मी ते गोळा करून मोरीच्या कोपऱ्यात ठेवायची. का ते आता सांगता येत नाही. फेकवत नव्हते एवढं खरं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. बाबांनी कामावरून खाडा केला आणि मला नि आत्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले.

डॉक्टर उतारवयाचे होते. फोड पाहून आधी आत्याला रागावले. "गुंज विषारी असते, बाई. डोळ्यात गेली असती तर?" मग त्यांनी भिंग घेऊन माझं डोकं उजेडात तपासलं. कडेचे चार केस हलकेच ओढले, ते अलगद हातात आले. त्यांतला एक आखूड केस त्यांनी कागदावर ठेवला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"काय दिसतं?"

केस वर जाड होता आणि मुळाकडे बारीक, निमुळता होत गेलेला.

"उद्गारचिन्हासारखा दिसतो," मी म्हणाले.

"मास्तरीण आहेस वाटतं," ते हसले. "हीच या रोगाची खूण. नायटा असता तर कोंडा असता, केसांचे खुंट तुटलेले असते. हा किडा नाही, नायटा नाही. कोणाला लागतही नाही."

मग त्यांनी माझी नखं पाहिली. दोन नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खळगे होते. मला ते कधी दिसलेच नव्हते. दातही पाहिले. कधीकधी किडक्या दातावरून असं होतं असं काही जण मानतात, म्हणाले, पण माझे दात धड होते.

"घरात कोणाला झालं होतं का?"

"मले," बाबा म्हणाले.

आत्या आणि मी दोघी त्यांच्याकडे वळलो.

"मिशीत झालतं. हिच्या जन्माआधी. अर्धी मिशी गेलती, मंग मी सगळीच काढून टाकली. सहा-सात महिन्यानं आली वापस. पयले पांढरी, मंग काळी."

"तरीच तू तवा बोडका फिरत होता!" आत्या म्हणाली. "मले सांगे, फॅशन हाये!"

डॉक्टरांनाही हसू आवरेना. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "लग्नापर्यंत येतील?"

"नाही," ते सरळ म्हणाले. "खोटं कशाला सांगू? मुळं मेलेली नाहीत, झोपली आहेत. बहुतेकांचे केस आपोआप येतात, पण महिने लागतात. तोवर आणखी एखादी चाई पडेलही. येऊन पुन्हा जाऊही शकतात. का होतं ते आम्हालाही पक्कं ठाऊक नाही. लावायला औषध देतो, कातडी जराशी लाल होईल, फोड येऊ द्यायचा नाही. आणि कांदा भाजीत घाला."

घरी येताना मला हलकं वाटत होतं. मोरीच्या कोपऱ्यातले केस मी त्याच संध्याकाळी उकिरड्यावर टाकले.

आता प्रश्न पवनारचा होता. माझं सासर पवनारचं. मुलगा सेलूकडच्या एका खेड्यात मास्तर होता.

"सांगाचं काई काम नाई," आत्या म्हणाली. "भांग बाजूनं पाडू, वर अंबाडा, वर पदर. कोण पाह्यते?"

आम्ही तसं करूनही पाहिलं. मागची आणि कानामागची चाई अंबाड्यात गेली. भांगाजवळचीवर आत्यानं काजळ भरलं. पाच हातांवरून काही कळत नव्हतं. आत्या खूश झाली. मग मी चुलीपाशी भाकरी थापायला बसले आणि घामाबरोबर काजळ कपाळावरून नाकापर्यंत उतरलं. बाबा जेवायला आले आणि दारातच थबकले.

"लग्नात मी घामेजणार नाही काय?" मी आत्याला म्हणाले. "आणि लग्न झाल्यावर? जन्मभर त्या घरी केस कुठं लपून विंचरू?"

मुलीनं लग्नाआधी स्वतः सासरी जायचं, हे कोणी ऐकलं नव्हतं. पण मधल्या माणसाकडून निरोप गेला असता तर पवनारला पोचेपर्यंत मी पूर्ण टकली झाले असते. बाबा म्हणाले, "जा. आत्याले संगं ने." आम्ही सकाळच्या बसनं निघालो.

सासूबाई शिडीवर होत्या. लग्नासाठी घराला चुना देणं चाललं होतं. नऊवारीचा काष्टा मारलेला, हातात कुंचा, भुवयांपर्यंत पांढऱ्या. आम्हाला पाहून त्यांचा हात तसाच वर राहिला आणि चुना कोपरावरून टपटपत राहिला.

"लगन मोडाले आल्या काय?" त्यांनी वरूनच विचारलं.

"नाई, नाई!" आत्या घाबरून म्हणाली.

"मंग काय झालं?"

मी ठरवून आलेलं सगळं विसरले. पदर काढला, अंबाडा सोडला आणि खाली मान घालून उभी राहिले. "मला चाई पडली आहे. तीन ठिकाणी. आणखी पडेलही. तुम्हाला आधी कळावं म्हणून आले."

सासूबाई उतरल्या. हात लुगड्याला पुसून त्यांनी माझं डोकं धरलं आणि उन्हाकडे वळवलं. बोटानं एकेक चाई चाचपली. आत्याच्या श्वासाचा आवाज मला येत होता.

"लागते काय हे दुसऱ्याले?"

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, झोपलेल्या मुळांपासून बाबांच्या मिशीपर्यंत. मिशीपाशी त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला.

"उवा नाईत डोक्यात," त्या अखेर आत्याला म्हणाल्या. "साफ ठेवलं पोरीनं." मग माझ्याकडे वळून, "माहं काई नाई. पण तुले त्याच्यासंगं राह्यचं हाये. त्याले तूच सांग. नदीवर गेला, येईनच. तवरिक हा कुंचा धर, माहे हात भरून आले."

अशी मी लग्नाआधी माझ्या सासरच्या भिंतीला चुना दिला. मास्तर नदीवरून टरबूज खांद्यावर घेऊन आले तेव्हा शिडीवर मी होते, तोंडासकट पांढरी.

"माय, ही नवी गडीन कोण?" त्यांनी विचारलं.

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मी शिडीवरूनच बोलले, कारण उतरले असते तर धीर गेला असता. त्यांनी मान वर करून सगळं ऐकून घेतलं.

"दुखते काय?"

"नाही."

"मले वाटलं, नोकरी सोडणार नाही म्हणून सांगाले आली."

"तीही सोडणार नाही," मी म्हणाले. एक सांगून झालं होतं, दुसरं सांगायला सोपं गेलं.

त्यांनी टरबूज खांद्यावरून उतरवलं. "मंग बदली वर्ध्याकडं मागा लागन मले," असं म्हणून त्यांनी टरबूज ओट्यावर ठेवलं आणि विळा शोधायला लागले. आम्ही चौघं चुन्याच्या वासात टरबूज खात बसलो. आत्यानं सर्वांत जास्त खाल्लं.

लग्न संध्याकाळी झालं. पांढरी साडी, मेणबत्त्या, मोगऱ्याचे गजरे. काजळ लावलं नाही. अक्षतांऐवजी फुलं उधळली, आणि वस्तीनं ती इतक्या जोरात उधळली की माझा पदर मागे घसरला. सासरकडची एक म्हातारी मांडवभर ऐकू जाईल अशी ओरडली, "अवं, नवरीले चाई हाये!"

"हाये," सासूबाई तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या. "आमाले मालूम हाये. तुमी बुंदी घ्या!"

मांडवात हशा पिकला. मीही हसले. पदर मी सावकाश, हवा तेव्हा वर घेतला.

पावसाळ्यात चौथी चाई पडली. तेव्हा मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही, हेही खरं. पुढं वेचणीच्या दिवसांत, कापूस घराघरांत यायला लागला तेव्हा, सासूबाई तेल लावताना थांबल्या आणि त्यांनी माझं डोकं दिव्याजवळ नेलं. मागच्या जुन्या चाईवर लव आली होती. मऊ, आणि पांढरीशुभ्र. त्यांनी शेजारणींना हाका मारून बोलावलं, आणि एकेकीला बोट लावून पाहायला दिलं.

"पाहा वं," त्या सगळ्यांना सांगत होत्या, "सून माह्याआधी म्हातारी झाली!"

उन्हाळ्यापर्यंत ते केस काळे झाले. भांगाजवळची जागा भरायला आणखी एक वर्ष गेलं.