हनुवटी छातीला

प्रोग्रेसिव्ह चष्मा घेऊन निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काका दुकानाच्या दारापर्यंत सोडायला जायचे आणि तिथे थांबवून सांगायचे, "जिना उतरताना हनुवटी छातीला. नाहीतर चष्मा माझा आणि हाड तुमचं."

मग स्वतः करून दाखवायचे. हनुवटी खाली, डोळे काचेच्या वरच्या भागात, पाऊल पुढे. या चष्म्यात वरून लांबचं दिसतं आणि अगदी खालून वाचायचं. वाचायचा भाग दोन विती अंतरासाठी केलेला असतो. जिन्याची पायरी डोळ्यांपासून दीड-पावणेदोन मीटरवर. नुसती नजर खाली टाकली तर पायरी नेमकी वाचायच्या काचेतून दिसते, म्हणजे पुसट. म्हणून नजर नाही, अख्खं डोकं खाली न्यायचं. चाळीस वर्षांत काकांनी हे किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे.

मी डोळे तपासण्याचं शिक्षण घेऊन त्यांच्या दुकानात लागले. मी डॉक्टर नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हणून ते मला मुद्दाम 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. मी तपासायचे, ते मागच्या खोलीत काच घासून फ्रेमला बसवायचे. दुकानावरच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. मधे पंधरा पायऱ्यांचा जिना. काकूंना पक्षाघात होऊन चार वर्षं झाली होती, उजवी बाजू गेलेली, डाव्या हातात एक पितळी घंटी. घंटी वाजली की काका हातातली काच ठेवून वर जायचे. दिवसातून चौदा-पंधरा खेपा.

"तुझं आपलं बरं आहे," काका वर जाताना ओरडायचे, "घंटी वाजवली की नोकर हजर."

"चाळीस वर्षं मी न वाजवता हजर होते," वरून काकू म्हणायच्या. जीभ जड झाली होती, पण धार तशीच होती.

माझ्या तिसऱ्या वर्षी काका हनुवटीचा प्रयोग स्वतः करून दाखवेनासे झाले. वाक्य तेच, पण पुढे म्हणायचे, "दाखवा हो डॉक्टरीणबाई." मी कौतुकाने करून दाखवायचे. मला वाटायचं, ते मला शिकवताहेत.

एका सकाळी मनगटाला प्लास्टर घालून खाली आले. शटर लागलं, म्हणाले. गिऱ्हाइकांनाही तेच सांगितलं. दुपारी मी चहा घेऊन वर गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "शटर? त्या शटरला पायऱ्या होत्या बाई. खालून तिसरीवर बसले धपकन. आणि ही दुसरी वेळ."

मी खाली येऊन त्यांना खुर्चीत बसवलं. "काका, हनुवटी छातीला लावा बघू."

ते हसले. "काय शाळा आहे का?"

"लावा."

त्यांनी मान वाकवली. दोन बोटं वाकली असेल नसेल, तिथेच अडकली. मानेचे मणके झिजले होते. छाती राहिली कुठे आणि हनुवटी कुठे.

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं," ते म्हणाले. "सांगून काय करू? चष्मेवाल्याचीच मान वाकत नाही म्हटल्यावर लोक चष्मा घेतील का?"

मग मी डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू बराच पिकला होता. अक्षरं तो डोळा कशीबशी वाचत होता, पण फिकट राखाडीवरचं राखाडी त्याला दिसतच नव्हतं. त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत एकाच गडद तपकिरी फरशीच्या.

"ऑपरेशन करून घ्या."

"आणि हिच्याकडे कोण बघणार? तुम्ही?"

मग खरी गोष्ट बाहेर आली. मुलाला पहिल्या पडण्याचं कळलं होतं. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबा, आता हाड मोडलंत तर चर्चा नाही. आई माझ्याकडे, तुम्ही ताईकडे." त्याच्या घरात एक जादा खोली, बहिणीच्या घरात एक. दोन शहरं, मधे रात्रभराचा प्रवास. दोघंही वाईट नव्हती. हिशेब बरोबर होता, म्हणून तर त्याला उत्तर नव्हतं.

"मनगटाचं त्याला सांगितलं नाही मी," काका म्हणाले. "तुम्हीही सांगू नका. पंचेचाळीस वर्षं झाली, एका रात्रीलाही ही दुसरीकडे झोपली नाही. आता कुठे पाठवू?"

काकूंना खाली आणता येत नव्हतं. खाली दुकान आणि काच घासायची खोली, संडास-न्हाणीघर वर. दुकान बंद केलं तर पोटाला काय? म्हणून जिनाच बदलायचं ठरलं.

जिन्यावर एकच दिवा होता, तोही वरच्या टोकाला, उघडा. उतरताना काकांची स्वतःची सावली पुढच्या पायरीवर पडायची, आणि चढताना तोच दिवा डोळ्यांत घुसायचा. बटण फक्त खाली. म्हणजे वरून निघताना अंधार असला तर अंधारातच उतरायचं. वायरमन आला. त्याने भिंतीवर तीन झाकलेले दिवे बसवले, वर आणि खाली दोन्हीकडे बटणं दिली. दुसऱ्या बाजूलाही कठडा लावला. पायऱ्यांना पिवळ्या पट्ट्या लावायला सांगून मी गिऱ्हाइकाकडे वळले. परत येऊन पाहते तर पट्ट्या कडेपासून दोन बोटं आत.

"कड गोल आहे ताई, गोंद धरत नाही. इथे कशी सरळ बसली बघा."

"सरळ आहे, पण जागा चुकलीय. माणूस पट्टीलाच कड समजतो. मग पाऊल कुठे ठेवायचं ते चुकतं. अगदी कडेवरच हवी."

"एवढ्या-तेवढ्याने पडतं का कुणी?"

काकांनी प्लास्टरचा हात त्याच्यासमोर धरला. वायरमन सगळ्या पट्ट्या उचकटायला लागला. पंधराच्या पंधरा. कडा घासून, रंगाने पुन्हा केल्या.

मग काकांनी स्वतःसाठी चष्मा बनवला. नुसता लांबचा, वरपासून खालपर्यंत एकच नंबर. यातून वाचता येत नाही, पण कुठूनही पाहिलं तरी पायरी स्वच्छ. 'जिन्याचा चष्मा' असं त्याचं नाव पडलं. वाचायचा म्हणजे प्रोग्रेसिव्ह शर्टाच्या खिशात, जिन्यापाशी आलं की बदलायचा. एका हातात काकूंच्या चहाचा ट्रे, दुसरा कठड्यावर. त्यामुळे चष्मा बदलायला ट्रे आधी खाली ठेवायचा, मग बदलायचा, मग उचलायचा. वर गेल्यावर औषधाची पाकिटं वाचायला पुन्हा उलटं.

"नवरा नाही, चष्म्याचं दुकान वर येतं," काकू म्हणायच्या. "मधे माणूस कुठेय ते शोधावं लागतं."

दिवसाला तीस वेळा बदलायचे. एकदाही कुरकुर नाही. त्याच महिन्यात एक म्हातारी गिऱ्हाईक आली, सुनेने प्रोग्रेसिव्ह घ्यायला धाडलेली. काकांनी तिला विचारलं, "घरी जिना आहे? बाहेर फिरता रोज? मान वाकते?" आणि तिला फिरण्याकरता वेगळा लांबचा चष्मा घ्यायला लावला. दारापाशी गेले, पण ते वाक्य बोलले नाहीत.

दोन महिने कुणी पडलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, पण लेकीला रजा मिळाली तरच जमणार होतं. ती आली की काकूंकडे बघणार होती. रजेचा निरोप येत नव्हता. काका रोज विचारायचे, जसं काही रजा मीच मंजूर करणार होते.

तो निरोप एका दुपारी चारच्या सुमारास आला. बाहेर लख्ख ऊन होतं, जिन्यातले तिन्ही दिवे लागलेले होते. काका वर काकूंना पाणी द्यायला गेले होते. मी खाली ऐकत होते.

काकूंनी विचारलं, "कुणाचा आला?"

"थांब, बघतो." चष्मा बदलला असणार. मग मोठ्याने वाचलं, "रजा मिळाली बाबा. दहा दिवस. सोमवारी निघते."

"झालं तुमचं," काकू म्हणाल्या. "आता दोन डोळे मिळून मला नीट बघाल आणि घाबराल."

काका हसले. इतकं मोठ्याने ते कधी हसत नसत. मग जिन्यात पावलं वाजली, भराभर. "डॉक्टरीणबाई! अहो रजा मिळाली!"

मी खुर्चीवरून उठले. ते खालून तिसऱ्या पायरीवर दिसले, डाव्या हातात फोन, आणि डोळ्यांवर वाचायचा चष्मा. मी तोंड उघडलं. शब्द बाहेर पडायच्या आधी त्यांनी पाय असा टाकला, जणू जिना संपला होता.

आवाज फार मोठा झाला नाही. वरून घंटी वाजायला लागली. ती थांबेना. मी काकांपाशी बसले होते, वर जाऊ शकत नव्हते.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. लेक आली होती, सोमवारच्या आधीच. मुलगाही आला होता. तो कॉरिडॉरमध्ये फोनवर काकूंसाठी गाडी ठरवत होता.

काकांनी मला जवळ बोलावलं. "पट्टी दिसली होती मला," ते म्हणाले. "पिवळी. चांगली दिसली. कुठे आहे तेवढं कळलं नाही."

मी त्यांची चादर सारखी केली.

"वायरमनला बोल लावू नका. त्याने नीट केल्या होत्या."

काकूंना नेलं तेव्हा काका अजून दवाखान्यातच होते. गाव सोडायच्या आधी काकूंनी मुलाला दवाखान्याकडे वळायला लावलं, पण वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मी धावत वर गेले, खिडकीपाशी काकांना कोण आणणार म्हणून नर्सला विचारलं. ती म्हणाली, दोन दिवस हलवायचं नाही. खाली येऊन मी तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरं. नाहीतर उतरायला निघाले असते."

दुकान दुसऱ्याने घेतलं. मी दुसरीकडे लागले.

सहा महिन्यांनी मी काकांना भेटायला त्यांच्या लेकीकडे गेले. तळमजल्यावरचं घर, उंबरासुद्धा नाही. काका वॉकर घेऊन पलंगापासून खुर्चीपर्यंत येतात. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. छान दिसतं, म्हणाले. जिन्याचा चष्मा टेबलावर घडी घालून ठेवलेला होता.

पाच वाजता मुलाने तिकडून काकूंना फोन लावून दिला. काकांनी वाचायचा चष्मा घातला, फोन मांडीवर धरला. मान वाकत नाहीच, नुसते डोळे खाली गेले, काचेच्या अगदी खालच्या भागात.

"दिसतंय का हो मी?" काकूंचा आवाज आला.

"दिसतेस," काका म्हणाले.

मी मागून पाहिलं. काकूंचा डावा हातही आता थरथरतो, फोन धरवत नाही. पडद्यावर छत होतं आणि फिरणारा पंखा.