हार्ड डिस्कवरचं कुंकू

राहात्याला बाजारतळाजवळ माझ्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. खोलीत दोन मशिनी आणि एक पंखा. पंखा पोरांसाठी नव्हे, मशिनींसाठी. मी तिथं शिकवायचे. तोंडाची फटकळ म्हणून पोरं मला वचकून असत, दाजी मात्र मुद्दाम खोडी काढत.

मशीन उघडली की आतलं सगळं बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे. हार्ड डिस्कला जोडलेली ती करडी चपटी केबल, चाळीस तारा शेजारी शेजारी चिकटवलेल्या, एका कडेला लाल रेघ. ती रेघ एक नंबरच्या पिनेकडे यायला हवी. एकदा मी घाईत केबल उलटी बसवली. डिस्कचा दिवा पेटला तो विझेचना आणि पडदा काळाठिक्कर. दाजी म्हणाले, "मेहुणीबाई, सदरा उलटा घातलाय तुमी."

पुढं डिस्क भरली म्हणून त्यांनी त्याच केबलला दुसरी जोडली. मला नवल वाटलं. एका वाटेनं दोघी बोलणार, मग मशीनला कळणार कसं कोण बोलतेय?

"आधी ठरवून द्यायचं," दाजींनी मागच्या पिनांवरची इवलीशी टोपी, म्हणजे जंपर, नखानं उपसून दाखवली. एका जागी बसवली तर डिस्क मास्टर, दुसऱ्या जागी स्लेव्ह. कुठली जागा कशाची, ते डिस्कच्या लेबलावर छापलेलं असतं. कंपनीगणिक निराळं. नवी डिस्क त्यांनी स्लेव्ह केली.

"मालक-गुलाम कशाला? थोरली-धाकटी म्हणा की," मी म्हटलं.

"धाकटी थोरलीचं ऐकत न्हाई, हे मी रोज बघतो."

खंडेनवमीला लोक टिकाव, पाना पूजतात. आमचे दाजी मशीन उघडून डिस्कच्या लेबलावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवायचे. "पिनांना लागेल ना!" मी ओरडायचे. ते हसून दर वर्षी त्याच ठिकाणी बोट टेकवायचे.

त्याच सुमारास माईक आला. पोरांना दाखवायला दाजींनी स्वतःचा आवाज भरला आणि त्या नव्या डिस्कवर ठेवला. तेव्हा ताई चहा घेऊन आली होती, एवढंच मला आठवतं.

क्लास बंद पडला. मशिनी भंगारात गेल्या, पण ती दुसरी डिस्क दाजींनी काढून घरी ठेवली. काही वर्षांनी दाजी झोपेतच गेले. आणखी काही काळानं ताईनं कपाटातून फडक्यात गुंडाळलेली डिस्क माझ्यासमोर धरली. "आवाज आसंल का गं यात? मला त्यांचा आवाज आठवंना झालाय."

मी नगरहून यूएसबी अ‍ॅडाप्टर आणला. एक तोंड चाळीस पिनांचं, दुसरं लॅपटॉपला, आणि डिस्क फिरवायला वेगळी वीज. जोडलं. डिस्क घुर्र करून फिरू लागली, पण लॅपटॉपला काही दिसेना. ताईचा चेहरा उतरला. मला मात्र खुमखुमी आली. फिरतेय म्हणजे जीव आहे, मग दिसत का नाही? आणि डोक्यात उजेड पडला. ही अजून स्लेव्हच होती. मास्टर केव्हाच भंगारात गेला होता, आणि माझ्या स्वस्तातल्या अ‍ॅडाप्टरला मास्टर केलेलीच डिस्क कळत होती.

जंपर हलवायचा, पण कुठं? लेबलावरच्या त्या नकाशावर कुंकवाचा थर. मी ओला कापूस घेतला.

"पुसू नको," ताईनं माझा हात धरला. "त्यांचं बोट हाय ते."

खरंच, थरात बोटाच्या रेषा उमटल्या होत्या. मी कापूस खाली ठेवला.

मग आंधळी कोशिंबीर. वीज बंद करायची, टोपी चिमट्यानं एका जागेवरून दुसरीवर, पुन्हा वीज. काही नाही. टोपी काढूनच टाकली. तरी नाही. मी चिडून डिस्कला शिव्या घातल्या, ताई मला गप्प करत राहिली. शेवटी टोपी केबलच्या बाजूच्या कडेला बसवली आणि पडद्यावर एक नवा ड्राइव्ह उगवला. मी लहान पोरीसारखी टाळी वाजवली.

फाइल सापडली. आधी खरखर, मग दाजी. "हॅलो, हॅलो. पोरांनो, लाईट जायच्या आधी सेव्ह करत जा." पोरं हसली. कपबशी वाजली. मग तोच आवाज, जरा हळू, "ये की इकडं. बोल काहीतरी, आवाज भरतोय."

पुढं नुसती पंख्याची घरघर. तेव्हा ताई लाजून पदर तोंडाला लावून उभी राहिली असणार.

मी पडद्याकडे बघत होते. शेजारी ताई लॅपटॉपवर वाकली आणि म्हणाली, "काय बोलू? चहा निवतोय तुमचा."