कौतिकभाऊंचे बांधलेले हात

आमच्या शेजारचे कौतिकभाऊ जळगावच्या एका ठिबक कंपनीत फिटर होते. अठरा वर्षं केळीच्या बागांमधून नळ्या अंथरून त्यांचा गुडघा गेला, तेव्हा साहेबांनी त्यांना नव्या माणसांना शिकवायचं काम दिलं. पहिली तुकडी शिकून बाहेर पडली आणि पहिल्याच शेतात तिनं बसवलेल्या तोट्या तुंबल्या. "पुढची तुकडी अशीच निघाली तर नाशिकहून माणूस बोलवू," असं रुपचंद साहेबांनी त्यांना सांगितलं. शिकवायचं काम गेलं, तर या गुडघ्यानं पुन्हा बागा तुडवणं होणार नव्हतं.

पुढच्या तुकडीत माझी मुलगी प्रमिला होती. त्यामुळे मलाही काळजी लागली.

मी बी.एड. झालेली, म्हणून भाऊ वही घेऊन आले. "वहिनी, मी बठ्ठं सांगं, पन त्यासना ध्यानमा काहीच राह्यनं नही."

वहीत पाण्याच्या दाबापासून खतापर्यंत सगळं होतं. मी विचारलं, "संध्याकाळी घरी जाताना त्यांना काय करता आलं पाहिजे?"

भाऊंनी वही मिटली. मग म्हणाले, "नळीनी एक ओळ. कोनले न विचारता जोडाले, धुवाले, चालू कराले यायला पाहिजे."

तेवढंच पहिल्या पानावर लिहिलं. बाकीचं दुसऱ्या दिवसावर टाकलं. अर्धा तास दाखवायचं, मग दोघांमागे एक ओळ, आणि शेवटी उजळणी. तीही शिकणाऱ्यांनीच सांगायची.

"आणि भाऊ, पोरांच्या हातातून भोकं पाडायचा पंच ओढून घ्यायचा नाही."

"घेस का मी?"

सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी बेबाबाई हसल्या. "माझ्या हातातून लाटणंसुद्धा घेतात!"

तुकडीच्या पहिल्या दिवशीचं प्रमिलानं घरी येऊन सांगितलं. कंपनीमागच्या मोकळ्या जागेत भाऊ पाठीमागे हात धरून उभे होते. मनगटांना स्वतःहून उपरणं बांधून घेतलेलं. रुपचंद साहेब खुर्चीवर. प्रमिलानं नळीला भोकं पाडली, तोट्या बसवल्या, टोकाला टोपण लावून पाणी सोडलं. शेवटच्या दोन तोट्या कोरड्याच.

"भाऊंचे खांदे हलले गं आई, पण ते आले नाहीत. एवढंच म्हणाले, 'पानी कोठे अडकनं, तूच देख.'"

तिनं टोपण काढलं. भोकं पाडताना आत पडलेले प्लास्टिकचे तुकडे आणि माती भसकन बाहेर आली. पाणी स्वच्छ होईपर्यंत तिनं वाहू दिलं, मग टोपण लावलं. तुंबलेल्या दोन तोट्या काढून नव्या बसवल्या. थेंब पडू लागले.

उजळणीला भाऊंनी विचारलं, "आज कोन कोठे चुकनं?" तिनं सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. मग प्रत्येकानं ओळ पुन्हा जोडली. टोपण लावायच्या आधी सगळ्यांनीच नळी धुतली.

साहेब उठताना म्हणाले, "पुढच्या महिन्याची तुकडीही तुमचीच, कौतिकभाऊ."

"मग भाऊ काय म्हणाले?" मी विचारलं.

"मला म्हणाले, 'पोरी, मना हातनी गाठ सोड.' इतकी घट्ट बांधली होती गं, मला नखांनी सोडावी लागली."