गीताबाईंचं दोनदा वाचून होईपर्यंत

पाली रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीचं नाव 'बिंदुसरा दर्शन'. गच्चीवर चढून नदीचं दर्शन घ्यायचं ठरवलं तर पेट्रोल पंपाचं छत दिसतं. बाकी बेचाळीस फ्लॅट, दोन विंग, एक बोअर, आणि नगरपालिकेचं पाणी, जे आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा निघणारं बातमीपत्र असावं, तेही व्हिडिओवर, ही गोष्ट कुणाला पटणार नाही. शिवकांताताईंना ती पटली, आणि मग इतरांच्या पटण्या-न पटण्याला फारसा वाव राहिला नाही.

शिवकांताताईंचं वय एकसष्ट. त्यातली तीस वर्षं चौसाळ्याला घरच्या कापडदुकानाच्या गल्ल्यामागे गेली. थोडक्यात आणि दोनदा सांगायचं, हे त्या तिथंच शिकल्या असं म्हणतात. मुलाने बीडला फ्लॅट घेतला, त्यांना इकडे आणलं, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की सोसायटीच्या नोटीस बोर्डाच्या काचेची किल्ली हरवलेली असून आतली नोटीस तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची आहे. लोक ती अजूनही थांबून वाचत.

बातमीपत्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. आधी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मोठ्या टीव्हीवर, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर. लांबी सहा मिनिटं, कारण सातव्या मिनिटाला लोक उठतात हे त्यांनी मोजून पाहिलं आहे. संहिता त्या फुलस्केप कागदावर लिहितात. मधोमध उभी रेघ. डावीकडे 'दिसेल', उजवीकडे 'ऐकू येईल', आणि कडेला बारीक अक्षरात सेकंद. पाच भाग ठरलेले: ठळक बातम्या, पाणी, दुरुस्ती, अभिनंदन, सूचना. एका भागातून दुसऱ्यात जाताना निवेदनाचं एकच वाक्य. 'टाकीचं झालं, आता जिन्यातल्या दिव्याकडे.' विनोद नाही, सुविचार नाही. प्रत्येक वाक्याच्या आधी आणि नंतर दोन सेकंद त्या कॅमेऱ्याकडे गप्प पाहतात, म्हणजे सूनबाईला कापायला जागा मिळते. गुरुवारी सगळं निवेदन एका बैठकीत रेकॉर्ड होतं. जोडकाम रुचिका, म्हणजे सून, फोनवरच करते. पाट्याही तीच बनवते.

पाटी म्हणजे पडद्यावर येणारी सूचना. तिचे नियम कडक. चार ओळी: काय, कधी, कुठं, कुणाला विचारायचं. वार आणि तारीख दोन्ही. लाल रंग फक्त पाणी बंद असेल तर. आणि पाटी किती वेळ ठेवायची, तर गीताबाईंचं दोनदा वाचून होईपर्यंत. तळमजल्यावरच्या गीताबाई अक्षराखाली बोट फिरवत मोठ्याने वाचतात. शिवकांताताई प्रत्येक पाटी आधी त्यांच्यापुढे धरतात आणि घड्याळ पाहतात. चार ओळींना बावीस सेकंद.

"एवढा वेळ कोण बघतंय, आई?" रुचिकाने सुरुवातीला विचारलं होतं.

"ज्याला वाचता येतंय त्याला पाटी लागतच न्हाई," ताई म्हणाल्या. "तो खिडकीतून शेजाऱ्याला विचारतोय."

हे सगळं अठरा महिने सुरळीत चाललं. मग डिसेंबर आला.

डिसेंबरच्या बातमीपत्रात बी विंगच्या टाकीची सफाई होती. तेरा तारखेला, शनिवारी, सकाळी आठला टाकी रिकामी करायची. करायची गहिनीनाथने. गहिनीनाथ म्हणजे आमचा वॉचमन, पंपवाला, नारळ उतरवणारा आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बाहेरून धीर देणारा. जिन्याखालच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहतात. सेक्रेटरींनी त्याला वेगळं काही सांगितलं नाही. बातमीपत्रात येतंय तसं कर, एवढंच. अठरा महिन्यांत तोच हुकूम झाला होता.

तेराला आठ वाजता त्याने व्हॉल्व्ह उघडला. दहा वाजता बी विंगमधल्या चेअरमन सुंदररावांच्या घरी मुलीला पाहायला पाहुणे आले. सुंदरराव चौसाळ्याकडचे जमीनदार, दोन निवडणुका लढलेले, एक जिंकलेले. त्यांच्या दारात पाहुण्यांचे पाय मिनरल वॉटरच्या बाटल्यांनी धुतले गेले. पाहुण्यांना तो श्रीमंतीचा प्रकार वाटला आणि लग्न ठरलं. तरीही सुंदररावांचा राग उतरला नाही. कारण बातमीपत्रातल्या पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं: रविवार, १४ डिसेंबर.

तीस डिसेंबरला ते शिवकांताताईंकडे मजकूर घेऊन आले. बसले नाहीत.

"ताई, हे जानेवारीच्या बातमीपत्रात घाला. लाल पाटीवर."

मजकूर असा होता: 'सूचनेचे उल्लंघन करून टाकी एक दिवस आधी रिकामी केल्याबद्दल वॉचमन गहिनीनाथ यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. खोली पंधरा तारखेपर्यंत रिकामी करावी.'

"लाल पाण्यालाच असतो," ताई म्हणाल्या.

"मग पाण्याचंच हाय की हे."

कागद ताईंनी ठेवून घेतला.

त्यांचा आणखी एक नियम होता, जो आजवर कामी आला नव्हता. कुणाविरुद्ध काही छापायचं असेल तर आधी आपली जुनी संहिता काढायची. त्यांनी डिसेंबरची काढली. डावीकडे 'शनिवार, १३'. उजवीकडे 'शनिवारी, तेरा तारखेला'. मग त्यांनी फोनवर ते बातमीपत्र लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. स्वतःचाच आवाज, शनिवार. मग आवाज बंद करून नुसतं पाहिलं. रविवार.

एका बातमीपत्रात दोन वार होते आणि महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पार्किंगमध्ये पुढच्या रांगेने वाचलं होतं, मागच्या रांगेने ऐकलं होतं, आणि दोघांनीही माना डोलावल्या होत्या.

त्या जिन्याखाली गेल्या. गहिनीनाथ पितळी कुलपाला तेल घालत होता. शर्टाच्या खिशात फोन. बातमीपत्र तो कायम असंच ऐकायचा. हात कामात, आवाज खिशात.

"गहिनीनाथ, शनिवारी कावून उघडलास रे व्हॉल्व्ह?"

"आक्का, तुमीच तर सांगितलंत. शनिवारी, तेरा तारखेला, आठ वाजता. खिशातून ऐकलं म्या."

"मग हे सायबाला सांगायचं होतंस."

"सांगितलं की. तर ज्यानं त्यानं पाटीचा फोटो काढून फुड्यात धरला. फोटोत कुठं तुमी बोलताव?"

वरून कुणीतरी पंप चालू करायला हाक मारली. तो उठला, आणि जाता जाता म्हणाला, "पंधरापतुर खोली सोडायचीय म्हणतेत. मंडळीला अजून सांगितलं न्हाई म्या."

रुचिकाला त्यांनी विचारलं तेव्हा ती ओट्यापाशी होती. तिने एका वाक्यात कबूल केलं.

"तुमचं रेकॉर्डिंग झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सुंदररावकाकांचा फोन आला होता, आई. तेराला पाहुणे येणार आहेत, सफाई रविवारी करा म्हणाले. तुम्ही लिंबागणेशला आत्यांकडे. पाटी बदलायला दोन मिनिटं लागतात. आवाज बदलायला तुम्ही लागता."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही आलात तेव्हा मी विसरले. मग टाकी रिकामीच झाली, आणि मग सांगायची भीती वाटली."

यात खोटं काहीच नव्हतं. तारीख बदलून मागितली सुंदररावांनी. अर्धी बदलली रुचिकाने. नोकरी जाणार होती गहिनीनाथची, ज्याने सांगितलं तेच केलं. त्यांनी नवा फुलस्केप घेतला आणि मधोमध रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सुंदरराव संहिता पाहायला आले. चेअरमनला कागद दाखवायचा, हाही नियमच. आज ते बसले. ताईंनी उजवा रकाना वाचून दाखवला.

"'नमस्कार. बातम्यांआधी एक दुरुस्ती. डिसेंबरच्या बातमीपत्रात बी विंगच्या टाकीची तारीख शेवटच्या क्षणी बदलली. बदल पाटीवर केला, आवाजात राहून गेला. मी शनिवार म्हणाले, पाटीने रविवार दाखवला. गहिनीनाथ यांनी माझं ऐकलं. चूक त्यांची नव्हती, बातमीपत्राची होती. बातमीपत्र मी करते.'"

सुंदररावांनी पाण्याचा पेला उचलला, पाहिला, खाली ठेवला.

"तारीख कुणी बदलाया लावली ते न्हाई यात."

"लिहू का?"

आत रुचिकाने नळ बंद केला.

"म्हंजे मीच केलं म्हना की हे सगळं," सुंदरराव म्हणाले.

"तुमी फोन केलात. फोन कुणीबी करतंय. मी आल्यावर पाटी आन् आवाज एका जागी ठेवून बघायचं माझं काम होतं, ते मी केलं न्हाई."

"माझं नाव कुठंच न्हाई मग?"

"हाय की. अभिनंदनात. पोरीचं लग्न जमलं त्याची पाटी हाय, बारा सेकंद."

सुंदरराव हसले नाहीत. निवडणुकीत हरल्यावरही ते असेच बसले होते असं जुने लोक सांगतात. नोकरीवरून काढायचा मजकूर समोर पडला होता. त्यांनी तो उचलून चार घड्या केल्या आणि खिशात घातला.

"ऱ्हाऊ द्या त्याला," ते म्हणाले. मग उठता उठता, "माझं नाव तिथं अभिनंदनातच ठेवा. दुरुस्तीत नको."

शिवकांताताईंनी दुसऱ्याचं नाव न घेता स्वतःचं घेतलं, हे त्यांच्या मोठेपणाचं लक्षण म्हणून सांगता येईल. त्या मात्र तसं मानत नाहीत. त्यांच्या मते पाटीत चारच ओळी मावतात, आणि तीन नावं घातली असती तर मुद्द्याची ओळ बाहेर गेली असती.

चार जानेवारीला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. त्या महिन्यापासून संहितेच्या तळाशी एक ओळ वाढली होती: 'पाटीत बदल झाला तर निवेदन पुन्हा. निवेदन होत नसेल तर ती सूचना बाहेर.' त्याखाली रुचिकाची सही, कुणी मागितली नसताना.

बातमीपत्र लागलं. संगीत नाही, नाव नाही, थेट ताई. दोन सेकंद गप्प. मग दुरुस्ती, एका सुरात, पाणी किती वाजता येणार हे सांगतात तशी. त्यानंतर पाटी आली. पिवळी अक्षरं, काळी पार्श्वभूमी, चार ओळी. लाल कुठंच नाही.

पार्किंग शांत झालं, त्यामुळे गीताबाईंचं वाचन सगळ्यांना ऐकू गेलं. बोट हवेत फिरवत त्या एकेक अक्षर लावत होत्या. "बी विं-ग टा-की. डि-सें-बर-ची चूक बा-त-मी-पत्रा-ची. ग-हि-नी-ना-थ यां-ची न-व्ह-ती. वि-चा-रा-यचं अस-ल्यास शि-व-कां-ता, दोन-शे चार." एकदा झालं. पाटी हलली नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या रांगेतले सुंदररावही ओठ हलवत होते, कदाचित वेग वाढावा म्हणून.

गेटपाशी गहिनीनाथ उभा होता. बातमीपत्र तो आजवर खिशातून ऐकत आला होता. आज त्याने फोन खिशातून काढला, हात लांब करून पडद्याकडे धरला, आणि गीताबाईंचं दुसऱ्यांदा 'नव्हती' म्हणून व्हायच्या आत पाटीचा फोटो काढून ठेवला.