फ्रेंचच्या पेपरातली माय

नंदुरबारच्या हायस्कुलात मी गणिताचा तात्पुरता मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. आठवली की आजही स्वतःची किळस येते.

शाळेत मॅट्रिकला दुसरी भाषा म्हणून संस्कृत किंवा फ्रेंच घेता येई. फ्रेंच शिकवायला एक वयस्क मास्तर होते. ते सतत तपकीर ओढत आणि धोतराच्या सोग्याला नाक पुसत. त्यांच्या हातचा पेपर हातात घ्यायचा म्हणजे तपकिरीचे डाग टाळत चिमटीत धरायचा. ते फ्रेंच शिकले होते इंग्रजीतून, एका जुन्या वहीवरून, आणि शिकवतही त्याच वहीवरून. मुलांनी वही पाठ करायची आणि पेपरात उतरवायची, जुळलं तर गुण.

त्या वर्षी वर्गात नवापूरकडच्या डोंगरातला एक बाविशीचा ख्रिस्ती शेतकरी होता. मजुरी करत, मधे मधे शाळा सोडत तो मॅट्रिकपर्यंत आला होता. संस्कृतच्या शास्त्र्यांनी त्याला वर्गात बसू दिलं नव्हतं, म्हणून तो फ्रेंचला आला. मॅट्रिक झाला तर त्याच्या गावाकडच्या शाळेत त्याला मास्तरकी मिळणार होती. पण पूर्वपरीक्षेत पास झाल्याशिवाय शाळा मॅट्रिकचा फॉर्म पाठवत नसे.

फ्रेंचमध्ये तो तीन गुणांनी नापास झाला.

मी मुंबईला कॉलेजात फ्रेंच घेतलं होतं, म्हणून हेडमास्तरांनी पेपर माझ्याकडे दुसऱ्या सहीला पाठवले. त्याचा पेपर पाहिला. 'मुलगा त्याच्या आईवर प्रेम करतो' या वाक्यात 'त्याच्या आई'साठी त्याने 'सा मेर' लिहिलं होतं. 'ती तिच्या भावाला बघते' इथे 'सों फ्रेर'. दोन्ही लाल शाईने खोडलेली, कारण वहीत लिहिलं होतं: सों म्हणजे त्याचा, सा म्हणजे तिचा. इंग्रजीसारखं.

त्याचं बरोबर होतं, आणि त्या दोन वाक्यांचे गुण धरले तर तो पास होत होता. फ्रेंचमध्ये मालक बाई की बुवा हे तो शब्द सांगतच नाही, ज्याची मालकी सांगायची त्या नामाचं लिंग तेवढं बघतो. आई स्त्रीलिंगी, म्हणून 'सा', मग ती मुलाची असो की मुलीची. मी स्वतः पहिल्या वर्षी यात ठेच खाल्ली होती, कारण मीही इंग्रजीतूनच शिकलो होतो.

तो शिक्षकांच्या खोलीत विचारायला आला. मास्तरांनी तपकिरीची चिमूट भरली आणि म्हणाले, "मुलगा आहे, मग 'सा' कुठून आणलास?"

तो अहिराणीत शांतपणे म्हणाला, "सर, मी माणूस शे, तरी 'मन्ही माय' म्हनस. 'मन्हा माय' कोन म्हनस? बहीण भी 'मन्हा भाऊ' म्हनस. पुस्तकमा देखं, तठेबी तसंच शे."

मास्तर हसले. "फ्रेंच म्हणजे काय तुमच्या डोंगरातली बोली वाटली?"

सगळे हसले. मग त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मला फ्रेंच येतं हे त्याला माहीत होतं.

मी म्हणालो, "मास्तरांनी नीट बघूनच तपासलंय." आणि सही केली. मास्तर हेडमास्तरांचे मेव्हणे होते आणि मला जूनमध्ये कायम व्हायचं होतं. बाहेर मिरच्या वाळत होत्या, त्यांचा ठसका खोलीत येत होता. मी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

त्याने वाकून नमस्कार केला आणि गेला. त्या नमस्काराची मला आजही शिसारी येते, म्हणजे तो घेणाऱ्याची.

आठवडाभरानंतर, फॉर्म रवाना झाल्यावर, मी व्हरांड्यातून जात होतो. मास्तर वर्गात शिकवत होते: "इंग्रजी विसरा. आपण 'माझी आई' म्हणतो, 'माझा आई' नाही. फ्रेंचचंही तसंच." मुलं वहीतलं जुनं वाक्य खोडून नवं उतरवून घेत होती. म्हणजे मास्तरांनी पुस्तक उघडून पाहिलं होतं. त्या शेतकऱ्याचा पेपर मात्र त्यांनी पुन्हा उघडला नाही. आत जाऊन त्यांच्या त्या डागाळलेल्या वहीची पानं टराटरा फाडावीत असं वाटलं. मी घंटा झाली म्हणून गणिताच्या वर्गावर गेलो.

जूनमध्ये मी कायम झालो. पुढे मास्तर निवृत्त झाले आणि फ्रेंच माझ्याकडे आलं. दरवर्षी हा नियम आला की मुलं गोंधळतात, आणि मी फळ्यावर लिहितो: मन्ही माय, मन्हा भाऊ. खानदेशातल्या मुलांना ते चटकन कळतं. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब वर्गात बसले होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, "हा दाखला कुणाचा?"

मी म्हणालो, "माझा."