न परवडणारा सत्कार

आष्ट्याची राजेश्वरी जन्मली तेव्हा रडली नाही, असं तिची आई शालूबाई सांगे. तिनं नुसतं सुईणीकडं रोखून बघितलं. पुढं आयुष्यभर तिनं साऱ्या जगाकडं तसंच बघितलं. वडील फौजेतून हवालदार होऊन परतलेले. त्यांनी उसाचा फड आणि पोरगी, दोन्हींना मोकळं वाढू दिलं. ऊस सरळ वाढला. पोरगी सांगलीजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला गेली.

एकोणीसशे नव्याण्णव साल सरत आलं होतं. इंटरनेटवर नुकताच उगवलेला एक शब्द पोरांनी उचलला, हॅकेथॉन. तीन-तीन पोरांच्या वीस संघांनी चोवीस तास एका जागी बसून प्रोग्रॅम लिहायचे. प्राचार्यांनी अर्ज वाचला, त्यांना ती मॅरेथॉन वाटली, आणि त्यांनी तो जिमखान्याकडं धाडला. जिमखान्यानं विचारलं, "ग्लुकोजचे डबे किती लागतील?"

खजिनदार राजेश्वरीच. बक्षिसांना अठरा हजार, त्यातलं पहिलं दहाचं. पुण्याहून येणाऱ्या चार मार्गदर्शकांचा प्रवास, मुक्काम, मानधन मिळून सहा. ऐंशी माणसांच्या जेवणाला, चहा-नाष्ट्याला आठ. लॅब कॉलेजची, भाडं नाही. पण वीज कधीही जायची, म्हणून जनरेटर आणि डिझेलला तीन. छपाई आणि किरकोळीला तीन. एकूण अडतीस. कॉलेजचे दहा, एका कॉम्प्युटर क्लासचे आठ, प्रवेश फीचे पाच. राहिलेले पंधरा ट्रॅक्टरवाले जोतीरामशेठ देणार होते. त्यांच्या तोंडी शब्दावर तिनं पहिल्या बक्षिसाचा आकडा पोस्टरवर छापला, आणि पोस्टरं पुण्या-कोल्हापूरपर्यंत चिकटवली गेली.

आठवडा राहिला असताना सुमंतसरांनी तिला बोलावलं. सर विभागाचे प्रमुख. त्यांचा आवाज कायम माफी मागितल्यासारखा.

"शेठ पैसे कार्यक्रमात, व्यासपीठावर देणार आहेत. प्राचार्यांनी त्यांचा सत्कार कबूल केलाय. मांडव, बँड, फेटे-शाली, आणि त्यांच्या साठ माणसांचं जेवण."

"कुठल्या पैशातनं?"

"स्पर्धेच्याच."

राजेश्वरीनं तिथंच बेरीज मांडली. मांडव सात, बँड तीन, फेटे-शाली दोन, जेवण सहा.

"सर, अठरा झाले. शेठ देणार पंधरा. म्हणजे आपणच शेठना तीन हजारांनी स्पॉन्सर करतोय."

"बक्षिसाऐवजी प्रमाणपत्रं देऊ. शेठ दुखावायला नकोत."

"आणि कोल्हापूरची पोरं पोस्टर घेऊन दारात आली तर? तवा तोंड मी दाखवायचं का तुमी?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शेठच्या शोरूममध्ये गेली. लाल ट्रॅक्टरांच्या रांगेमागं शेठ गादीवर बसल्यासारखे खुर्चीत बसले होते.

"ये पोरी. तुमची पोरं पळणार कुठनं कुठं?"

"पळणार न्हाईत, शेठ. बसणार."

"बसायचं बक्षीस? मग आमच्या घरात लय विजेते हायत."

ती हसली नाही. "आवं शेठ, तुमचा सत्कार आम्हाला परवडत न्हाई."

एका विक्रेत्यानं पुसलेलंच बोनेट पुन्हा पुसायला घेतलं.

"काय म्हणालीस?"

"तुमी देणार पंधरा, तुमच्या मानपानाला अठरा. तुमी आला न्हाईत तर आमी तीन हजारांनी वर ऱ्हातो. पण मग बक्षिसाला पंधरा कमी पडत्यात, आणि तुमचा शब्द पोस्टरवर छापलाय." तिनं पोस्टर टेबलावर पसरलं. "ह्यो खोटा पडला, तर नाव माझं जातंय."

शेठनी मिशीला पीळ दिला. हजारो ट्रॅक्टरांचा भाव त्यांनी केलेला. स्वतःचा भाव करायची पाळी पहिलीच होती.

"बँड काढ."

"काढला."

"मांडव?"

"काढला. लॅबला छप्पर हाय."

"माझी माणसं घरी जेवतील. पण एक फेटा तरी ठेव की गं!"

"दोनशे रुपये, शेठ. दोनशे रुपयांत वीस पोरांचा नाष्टा होतो."

"लय चिवट हायस. कुणाची?"

"आष्ट्याच्या हवालदारांची."

"तरीच." त्यांनी दिवाणजीला हाक मारली. "पंधरा हजारांचा डिमांड ड्राफ्ट काढा, कॉलेजच्या नावानं. आजच. न्हाईतर ही आपल्याकडनंच खुर्चीचं भाडं घ्यायची."

ड्राफ्ट हातात येईपर्यंत ती तिथनं हलली नाही. प्राचार्य दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ते तिला परवडलं.

स्पर्धेच्या सकाळी पोरं कीबोर्डवर तुटून पडली होती. दारात जीप थांबली आणि शेठ एकटेच उतरले. डोक्यावर भगवा फेटा, तुरा हातभर.

राजेश्वरीनं फेट्याकडं रोखून बघितलं.

"घरचा हाय," शेठ घाईनं म्हणाले. "बजेटात धरू नकोस."

तिनं जेवणाचं एक कुपन फाडून त्यांच्या हातावर ठेवलं. शेठनी ते फेट्यात खोचलं, एका पोराच्या पाठीमागं स्टूल ओढलं आणि पडद्यावरची हिरवी अक्षरं बराच वेळ बघत राहिले.

"पळत न्हाईत," ते शेवटी हळूच म्हणाले, "पण घाम लय गाळत्यात गं."